टी फ्लिप-फ्लॉपने वारंवारता निम्मी करणे: बारा ठोक्यांपासून घड्याळाच्या एका सेकंदापर्यंत

भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि काटा मात्र सेकंदाला एकदाच पुढे सरकतो. मधलं काम एकच साधी वस्तू करते, फक्त एकामागे एक अशी पंधरा वेळा मांडलेली. ती वस्तू म्हणजे टी फ्लिप-फ्लॉप. इथे आपण आधी डोळ्यांनी दिसेल इतक्या हळू चालणारी चार टप्प्यांची साखळी ब्रेडबोर्डवर उभी करू आणि मग त्याच रीतीने ३२,७६८ हर्ट्झवरून १ हर्ट्झपर्यंत उतरू. ऑसिलोस्कोप लागणार नाही. साधा मल्टिमीटर पुरेल.

एक टप्पा नेमकं काय करतो

टी फ्लिप-फ्लॉपचा नियम एका वाक्यात मावतो: टी ही इनपुट १ असेल, तर क्लॉक या इनपुटवर येणाऱ्या लहरीच्या प्रत्येक कामाच्या कडेला आउटपुट उलटतो. शून्य असेल तर एक, एक असेल तर शून्य. बटण दाबलं की टोक बाहेर, पुन्हा दाबलं की आत, असं बॉलपेन असतं ना, तसंच.

यातला महत्त्वाचा शब्द ‘कामाची कडा’. लहरीच्या प्रत्येक आवर्तनात दोन कडा येतात, एक चढती आणि एक उतरती. फ्लिप-फ्लॉप त्यातली एकच मोजतो, दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. चढत्या कडेला आउटपुट वर गेला, तर तो खाली यायला पुढची चढती कडा लागते, म्हणजे इनपुटचं एक पूर्ण आवर्तन. पुन्हा वर जायला आणखी एक. आउटपुटच्या एका आवर्तनात इनपुटची दोन आवर्तनं खर्ची पडली, म्हणून वारंवारता निम्मी झाली.

यातूनच दुसरा एक गुण फुकटात मिळतो, आणि तो पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. आउटपुट किती वेळ वर राहील हे दोन चढत्या कडांमधल्या अंतरावर ठरतं. किती वेळ खाली राहील, तेही त्याच अंतरावर. इनपुटची लहर कितीही लंगडी असो, समजा ९० टक्के वेळ वर आणि १० टक्के खाली, तरी तिच्या चढत्या कडा समान अंतरावर असतील तर आउटपुट बरोबर अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली राहतो. हा गुण लक्षात ठेवा, पुढे आपला मल्टिमीटर त्याच्याच जोरावर चालणार आहे.

दुकानात काय मागायचं

टी फ्लिप-फ्लॉप म्हणून वेगळी आयसी दुकानात सहसा मिळत नाही. तो डी किंवा जेके फ्लिप-फ्लॉपपासून बनवतात. जेकेच्या दोन्ही इनपुट १ ला जोडल्या की टी तयार. डीमध्ये आणखी सोपं: उलटा आउटपुट, म्हणजे क्यू-बार, डी इनपुटला जोडायचा. डी फ्लिप-फ्लॉप कडेच्या क्षणी डीवर जे असेल ते क्यूवर उतरवतो. डीवर आत्ताच्या क्यूचं उलटं बसवलेलं आहे, तेव्हा प्रत्येक कडेला क्यू उलटणारच.

नागपूरला बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘भाऊ, फोर्टी थर्टीन दोन द्या’ एवढं म्हटलं की काम होतं. सीडी ४०१३ या चौदा पायांच्या आयसीत असे दोन फ्लिप-फ्लॉप असतात, चढत्या कडेला काम करणारे. तिच्याऐवजी ७४एचसी७४ पुढे केली, तर घ्यायला हरकत नाही, पण एक फरक डोक्यात ठेवूनच घ्या. ४०१३ चे सेट आणि रीसेट पाय १ दिल्यावर जागे होतात, म्हणून वापरायचे नसतील तर ते ग्राउंडला बांधायचे. ७४एचसी७४ चे शून्यावर जागे होतात, म्हणून ते सप्लायला बांधायचे. दोन्ही आयसींची पायांची मांडणीही वेगळी आहे. एकीची आकृती पाहून दुसरी जोडली की आउटपुट जागचा हलत नाही, आणि पोरं आयसी जळाली म्हणून नवी आणायला पुन्हा बर्डीवर धावतात.

बाकी सामान: एक ५५५ टायमर, १०० किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टन्स, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहमचा एक रेझिस्टन्स, ४.७ किलोओहमचे पाच, पाच चांगल्या प्रकाशाचे लाल एलईडी, ०.१ मायक्रोफॅरडचे काही डिस्क कपॅसिटर, ब्रेडबोर्ड आणि मोबाइलच्या चार्जरमधून काढलेला ५ व्होल्टचा सप्लाय.

मुद्दाम लंगडी लहर

५५५ ची वारंवारता या सूत्राने येते:

```
f = 1.44 / ((R1 + 2·R2)·C)
```

R1 १०० किलोओहम, R2 १० किलोओहम आणि C १ मायक्रोफॅरड धरला, तर कंसात १२० किलोओहम येतात आणि वारंवारता १२ हर्ट्झ. ही मूल्यं मुद्दाम अशी निवडली आहेत. ५५५ मध्ये कपॅसिटर भरतो दोन्ही रेझिस्टन्समधून आणि रिकामा होतो फक्त R2 मधून. त्यामुळे आउटपुट सुमारे ७६ मिलिसेकंद वर आणि जेमतेम ७ मिलिसेकंद खाली राहतो. ५५५ च्या आउटपुटवर एलईडी लावला तर तो जवळजवळ सतत पेटलेलाच दिसतो, बारीक फडफड सोडली तर. याहून लंगडी लहर प्रयोगाला कशाला हवी?

इथे एक खोच आहे. साधा ५५५ पाच व्होल्टवर चालवला की त्याचा ‘वर’ हा पूर्ण पाच व्होल्ट नसतो, सव्वा ते दीड व्होल्ट कमी भरतो. ४०१३ ला पाच व्होल्ट सप्लायवर खात्रीने १ समजायला ३.५ व्होल्ट लागतात. म्हणजे आपण अगदी काठावर उभे. त्यातून ५५५ च्या आउटपुटवर एलईडी टांगलेला असेल तर आणखी थोडं घसरतं, मग कधी मोजणी होते आणि कधी होत नाही. उपाय स्वस्त आहे: ५५५ च्या ३ क्रमांकाच्या पायापासून सप्लायपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टन्स लावा. तो आउटपुटला उरलेलं अंतर वर खेचून नेतो. या प्रयोगात ५५५ चा एलईडीही पायापासून ग्राउंडकडे न लावता सप्लायपासून पायाकडे लावा. मग तो उलट चमकेल, म्हणजे बहुतेक वेळ विझलेला आणि मध्ये बारीक चमक. पण वरच्या पातळीवर भार येणार नाही.

पहिला टप्पा जोडणे

४०१३ चा १४ क्रमांकाचा पाय सप्लायला, ७ ग्राउंडला. या दोघांमध्ये, आयसीला होईल तितका चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा डी म्हणजे पाय ५, तो पाय २ ला, म्हणजे क्यू-बारला जोडा. पाय ४ रीसेट आणि पाय ६ सेट, दोन्ही ग्राउंडला. पाय ३ वर ५५५ ची लहर द्या. पाय १ हा क्यू, तिथून ४.७ किलोओहम आणि एलईडी ग्राउंडकडे.

सप्लाय दिल्यावर हा एलईडी सेकंदाला सहा वेळा लुकलुकला पाहिजे, आणि त्याची लय समान असली पाहिजे: जेवढा पेटला तेवढाच विझला. शेजारी ५५५ चा एलईडी नुसता चमक मारत असतो आणि हा मात्र शिस्तीत. वर म्हटलेला अर्ध्या-अर्ध्याचा गुण तो हाच.

क्यू-बार परत डीला जोडल्यावर आउटपुट स्वतःलाच उलटवत का सुटत नाही, ही शंका प्रत्येक वर्गात कुणीतरी काढतंच, आणि शंका रास्त आहे. उत्तर वेळेत आहे. ४०१३ डीकडे फक्त चढत्या कडेच्या क्षणी पाहतो. त्यानंतर क्यू-बार बदलायला पाच व्होल्टवर साधारण १५० नॅनोसेकंद लागतात. नवी किंमत डीवर पोचेपर्यंत ती कडा निघून गेलेली असते आणि दार पुढच्या चढत्या कडेपर्यंत बंद. कडेऐवजी पातळीवर उघडा राहणारा साधा लॅच वापरून हीच जोडणी केली, तर क्लॉक वर असेपर्यंत तो खरोखरच भिरभिरत राहील. म्हणून साखळीसाठी कडेवर चालणाराच फ्लिप-फ्लॉप लागतो.

चार टप्पे

दुसरा फ्लिप-फ्लॉप त्याच आयसीत आहे: डी पाय ९, तो पाय १२ च्या क्यू-बारला. पाय ८ सेट आणि १० रीसेट, दोन्ही ग्राउंडला. पाय १३ क्यू, त्यावर एलईडी. त्याचं क्लॉक पाय ११, आणि त्यावर पहिल्याचा क्यू-बार, म्हणजे पाय २, जोडायचा. दुसऱ्या ४०१३ वर हेच सगळं पुन्हा करा. पहिल्या आयसीचा पाय १२ दुसरीच्या पाय ३ वर जाईल.

क्यू सोडून क्यू-बारवरून पुढे का जायचं? याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही कामाची आहेत. पहिलं मोजणीचं. क्यू वरून खाली येतो तेव्हा क्यू-बार खालून वर जातो. म्हणजे पुढचा टप्पा आधीचा क्यू १ वरून ० झाल्यावर उलटतो, आणि बायनरीत हातचा नेमका तेव्हाच पुढे जातो. चारही एलईडी मिळून ० ते १५ असे चढते आकडे दाखवतात. क्यूवरून जोडणी केली तर वारंवारता तशीच निम्मी-निम्मी होते, पण आकडे उलटे, १५ वरून खाली, मोजले जातात. नुसता भागाकार हवा असेल तर दोन्ही चालतं.

दुसरं कारण विजेचं. ४०१३ पाच व्होल्टवर फार प्रवाह देऊ शकत नाही, एक मिलिअँपच्या आसपास. घाईत कुणी ४.७ किलोओहमऐवजी २२० ओहम लावतं आणि एलईडी छान पेटतोही. पण तो पाय तेव्हा पाचावरून दोन-अडीच व्होल्टवर बसलेला असतो. तिथूनच पुढच्या टप्प्याचं क्लॉक घेतलं, तर पुढच्याला १ दिसतच नाही. साखळी पहिल्या दिव्यापाशी थांबते आणि दोष मात्र दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपवर ढकलला जातो. दिवा क्यूवर आणि पुढची जोडणी क्यू-बारवर ठेवली की हा गुंता होत नाही, कारण दोन्ही आउटपुटचे बफर वेगळे आहेत.

आता दिवे पाहा. १२ हर्ट्झचे पहिल्या टप्प्यावर ६, दुसऱ्यावर ३, तिसऱ्यावर १.५ आणि चौथ्यावर ०.७५ हर्ट्झ. टप्पे वाढले की भाजक २, ४, ८, १६ असा वाढत जातो, कारण प्रत्येक टप्पा त्याला मिळालेल्याचं निम्मं करतो, मूळ वारंवारता किती होती हे त्याला माहीतच नसतं. n टप्प्यांनंतर:

```
f_out = f_in / 2^n
```

या साखळीचा उलटाही उपयोग होतो. बारा हर्ट्झ डोळ्यांनी मोजता येत नाहीत, पण शेवटचा दिवा आरामात मोजता येतो. मोबाइलवर ४० सेकंद लावा आणि चौथा एलईडी किती वेळा पेटला ते मोजा. हिशेबाने ३० यायला हवेत. समजा २७ आले. म्हणजे शेवटी ०.६७५ हर्ट्झ, गुणिले १६ म्हणजे ५५५ प्रत्यक्षात १०.८ हर्ट्झवर चाललाय. रेझिस्टन्स बरोबर असतील तर कपॅसिटर १ नाही, सुमारे १.१ मायक्रोफॅरडचा आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं, त्यामुळे त्यात नवल नाही. पण भागाकार मात्र नेमका १६ च असतो, १५.९ नाही. साखळीत चूक असेल तर ती दुप्पट-निम्म्याच्या हिशेबाने दिसते, दोन-चार टक्क्यांनी नाही.

ओळीने पडणारा उशीर

अशा साखळीला रिपल म्हणतात, कारण बदल एका टप्प्यावरून पुढच्यावर सरकत जातो. ७ वरून ८ होताना, म्हणजे ०१११ वरून १००० होताना, चारही दिवे बदलायचे असतात, पण ते एकदम बदलत नाहीत. आधी शेवटचा अंक पडतो आणि ०११० होतं, मग ०१००, मग ००००, आणि शेवटी १०००. प्रत्येक पायरीला १५० नॅनोसेकंद धरले तर सगळं स्थिरस्थावर व्हायला ६०० नॅनोसेकंद लागले, आणि तेवढ्या वेळात साखळीने सहा, चार आणि शून्य असे तीन खोटे आकडे दाखवले.

वारंवारता भागण्याला याने काही बाधा येत नाही. शेवटच्या टप्प्याची प्रत्येक कडा ६०० नॅनोसेकंद उशिरा येते, पण प्रत्येकच कडा तेवढीच उशिरा येते, तेव्हा दोन कडांमधलं अंतर तेच राहतं. वेगाची मर्यादाही फक्त पहिल्या टप्प्यालाच भिडते, कारण दुसऱ्याला निम्म्याच वेगाने पळायचं असतं आणि तिसऱ्याला पाव.

अडचण येते ती सगळे दिवे एकत्र वाचून काही ठरवायचं असेल तेव्हा. समजा इनपुट १ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे दर १००० नॅनोसेकंदांनी नवी कडा. सात टप्प्यांतून बदल सरकायला १०५० नॅनोसेकंद लागतात. सातवा दिवा बदलण्याआधीच पहिल्यावर पुढची कडा आलेली असते, आणि अशा वेळी सातही एकत्र वाचले तर हाती चुकीचा आकडा येतो. तिथे सगळ्या टप्प्यांना एकच क्लॉक देऊन, मागचे सगळे क्यू १ असतील तेव्हाच पुढच्याची टी इनपुट १ करणारी जोडणी वापरावी लागते. नुसता भागाकार करणाऱ्याला त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

३२,७६८ वरून १

३२,७६८ हा आकडा २ चा पंधरावा घात आहे. घड्याळाच्या क्रिस्टलला तो मुद्दाम दिलेला आहे, पंधरा वेळा निम्मं केलं की नेमकं १ उरावं म्हणून.

पंधरा टप्पे ४०१३ वर करायचे तर आठ आयसी लागतील. त्याऐवजी सीडी ४०६० घ्या. तिच्या पोटात चौदा टप्प्यांची तयार रिपल साखळी आहे आणि क्रिस्टल चालवायची सोयही. पंधरावा टप्पा आपल्या ४०१३ चा.

पाय १६ सप्लाय, ८ ग्राउंड, १२ रीसेट, तो ग्राउंडला. पाय १० आणि ११ यांच्यामध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टन्स. पाय १० पासून ३३० किलोओहम, त्याच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टलचा एक पाय, आणि क्रिस्टलचा दुसरा पाय थेट ११ वर. क्रिस्टलच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला २२-२२ पिकोफॅरड. ते ३३० किलोओहम गाळू नका. मनगटी घड्याळाचा क्रिस्टल फार नाजूक असतो, त्याला साधारण एक मायक्रोवॅटपेक्षा जास्त धक्का सोसत नाही. रेझिस्टन्स नसला तर तो भलत्याच वारंवारतेवर चालतो किंवा कायमचा बिघडतो. या भागातल्या तारा आखूड ठेवा. लांब जंपर इथे अजिबात चालत नाहीत.

४०६० चे सगळे टप्पे बाहेर काढलेले नाहीत. पहिले तीन आत दडलेले आहेत आणि अकरावाही. जे मिळतात त्यांतले कामाचे असे:

| टप्पा | पाय | भाजक | मिळणारी वारंवारता |
|---|---|---|---|
| ४ | ७ | १६ | २,०४८ हर्ट्झ |
| ८ | १४ | २५६ | १२८ हर्ट्झ |
| १० | १५ | १,०२४ | ३२ हर्ट्झ |
| १२ | १ | ४,०९६ | ८ हर्ट्झ |
| १३ | २ | ८,१९२ | ४ हर्ट्झ |
| १४ | ३ | १६,३८४ | २ हर्ट्झ |

पाय ३ चे २ हर्ट्झ ४०१३ च्या पाय ३ वर दिले की तिच्या पाय १ वर १ हर्ट्झ मिळतात: अर्धा सेकंद दिवा, अर्धा सेकंद अंधार. पुढचा टप्पा जोडलेला असेल तर तिथे दोन सेकंदांचं आवर्तन.

चालतंय की नाही, ते मल्टिमीटरने

सप्लाय दिल्यावर क्रिस्टलला सूर धरायला थोडा वेळ लागतो, तेव्हा लगेच हात घालू नका. तरीही काही होत नसेल तर पहिला मोह होतो तो पाय १० किंवा ११ वर तपासणीची पिन टेकवायचा. तो टाळा. मीटरची किंवा स्कोपची पिन टेकल्यावर तिथे जी काही पिकोफॅरडची भर पडते, तेवढ्याने चालू क्रिस्टल बंद पडू शकतो.

तपासायचं ते पाय ७ वर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. तिथे २,०४८ हर्ट्झची अर्धी-अर्धी लहर असते, मीटर तिची सरासरी दाखवतो, म्हणून पाच व्होल्ट सप्लायवर सुमारे २.५ व्होल्ट दिसतात. ठाम ० किंवा ठाम ५ दिसले तर क्रिस्टल चाललेलाच नाही किंवा रीसेट ग्राउंडला पोचलेला नाही. मीटरला हर्ट्झचा पट्टा असेल तर उत्तम, पण नसला तरी अडत नाही. पाय ७ वर अडीच व्होल्ट आहेत आणि पाय ३ लुकलुकत नाही, असं झालं तर मधल्या पायांवर एकेक करून अडीच शोधत जा. अर्थात ३२ हर्ट्झच्या खाली मीटरचा आकडाच नाचायला लागतो, तिथे डोळाच बरा.

आणखी दोन दोष वारंवार भेटतात. हात जवळ नेला की दिवे आपोआप बदलतात, तेव्हा ४०१३ चा सेट, रीसेट किंवा क्लॉक यांतला एखादा पाय हवेत लटकतोय. या आयसीच्या इनपुटना इतका कमी प्रवाह लागतो की हातातून आलेली ५० हर्ट्झची गुणगुणसुद्धा त्यांना पुरते. न वापरलेल्या फ्लिप-फ्लॉपचे इनपुटही ग्राउंडला बांधा.

दुसरा दोष उन्हाळ्यातला. घरातल्या कूलरचा पंप किंवा पंखा बंद करताना स्विचमध्ये ठिणगी पडते, तिचा झटका सप्लायच्या तारेतून येतो आणि साखळी एखादी कडा जास्तीची मोजते. झटका पहिल्या टप्प्यात घुसला तर फरक कळतही नाही, पण चौदाव्या टप्प्यानंतरच्या तारेत घुसला तर घड्याळ एकदम अर्धा सेकंद पुढे. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पायांजवळचा ०.१ मायक्रोफॅरड यासाठीच असतो. ‘त्याच्याशिवायही चाललं’ म्हणून तो काढून टाकणाऱ्याने एकदा कूलर चालू-बंद करून पाहावं.

क्लॉकवर पुश बटण लावून हाताने टप्पे मोजायचा प्रयत्न करणार असाल, तर एका दाबात आउटपुट दोन-तीनदा उलटलेला दिसेल. बटणाचे पत्रे जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि फ्लिप-फ्लॉप त्यातली प्रत्येक कडा इमानाने मोजतो. ५५५ ने सुरुवात केली ती यासाठीच.

दोनाच्या घातात न बसणारे आकडे

आपल्याकडे भिंतीत ५० हर्ट्झ आहेत, मग क्रिस्टल कशाला? मुख्य विजेच्या लहरीतून एक सेकंद काढायचा म्हटलं की साधी साखळी हात वर करते. पाच टप्प्यांनी १.५६ हर्ट्झ मिळतात, सहांनी ०.७८. मधलं काही नाही, कारण ५० हा २ चा घात नाही.

मार्ग असा: ५० म्हणजे २५ गुणिले २. पाच टप्प्यांची चढती साखळी घ्यायची आणि २५ झाले की, म्हणजे १६, ८ आणि १ हे तिन्ही दिवे एकदम पेटले की, अँड गेटने सगळ्यांना रीसेट द्यायचा. साखळी पुन्हा शून्यापासून सुरू. सोळाच्या दिव्यावर आता २ हर्ट्झ मिळतात, पण लंगडे: २५ पैकी १६ ठोके शून्य आणि ९ ठोके एक. ते पुढे एका टी टप्प्यातून काढले की १ हर्ट्झ मिळतो आणि लहरही अर्धी-अर्धी होते. विषम आकड्याने भागून शेवटी एक टी लावायची ही रीत खूप ठिकाणी दिसते, ती याच कारणाने. रीसेटचा ठोका फार आखूड पडतो आणि एखादा टप्पा शून्यावर यायचा राहून जातो, हा या जोडणीतला नेहमीचा धोका. मोजणी मधूनच भलतीकडून सुरू होत असेल तर आधी तिकडे पाहा.

नागपूरचं ऊन आणि क्रिस्टल

साखळी वारंवारता भागते, सुधारत नाही. क्रिस्टल दहा लाखात दहा भाग मंद असेल तर पंधरा टप्प्यांनंतरचा एक हर्ट्झही दहा लाखात दहाच भाग मंद असतो.

या प्रकारच्या क्रिस्टलची वारंवारता २५ अंशांच्या आसपास सर्वात जास्त असते आणि तापमान त्याच्या वर जावो की खाली, ती घटतच जाते. घट साधारण अशी:

```
ppm = -0.034 × (T - 25)^2
```

मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत ४५ अंश धरा. फरक २० अंशांचा, त्याचा वर्ग ४००, म्हणून १३.६ भाग दहा लाखात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा घड्याळ दिवसाला जवळजवळ १.२ सेकंद मागे पडेल, महिन्याला पस्तीस. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असताना साडेसात भागांच्या आसपास, दिवसाला पाऊण सेकंदाहून थोडं कमी. तेही मागेच. कूलरच्या झोतात ठेवलेलं आणि खिडकीपाशी ठेवलेलं अशी दोन सारखी घड्याळं उन्हाळ्यात एकमेकांशी जुळत नाहीत, ती यामुळे.

थोडी दुरुस्ती २२ पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरच्या जागी ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर लावून करता येते. धारिता कमी केली की क्रिस्टल जरा जलद होतो, वाढवली की मंद. मीटरच्या हर्ट्झच्या पट्ट्यावर हे जुळवायला जाऊ नका, साध्या मीटरचा स्वतःचाच हलकासा फरक या मापापेक्षा मोठा असतो. ४०१३ पुढे सेकंद मोजणारं घड्याळ जोडा, मोबाइलच्या वेळेशी लावा आणि आठवडाभर सोडून द्या. आठवड्यात ०.६ सेकंदाचा फरक म्हणजे दहा लाखात एक भाग. सात सेकंद मागे पडलं, तर बारा भागांच्या जवळ. ट्रिमर प्लॅस्टिकच्या पेचकसाने अगदी जरासा फिरवा आणि पुन्हा आठवडा थांबा. आणि हे काम घड्याळ जिथे राहणार आहे तिथेच, त्याच खोलीत, शक्य तर फेब्रुवारी किंवा ऑक्टोबरात करा. मेमध्ये जुळवलेलं घड्याळ पावसाळा लागला की पुढे पळायला लागतं.